विरोधकांच्या साक्षीतून चार्वाक कसा वाचायचा

प्रश्न: "श्राद्धावरून घरी वाद झाला, तेव्हा काका म्हणाले, 'चार्वाक म्हणजे ऋणं कृत्वा घृतं पिबेत्, बाकी काही नाही.' शोधलं तर सगळीकडे हाच श्लोक. त्यांचा मूळ ग्रंथ उरलेला नाही, जे आहे ते विरोधकांनी लिहिलेलं. मग त्यांचं खरं मत कळणार कसं? की चार्वाक हे विरोधकांनीच उभं केलेलं बुजगावणं समजायचं? आणि संस्कृत फारसं येत नसेल तर वाचायला कुठून घ्यावं?"

उत्तर:

गेली 27 वर्षं मी दर्शनशास्त्र शिकवते आहे आणि दरवर्षी चार्वाकापाशी आलं की वर्गात हाच पेच पडतो. त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे विरोधकांची साक्ष सगळी एकाच तोलाची आहे. तसं नाही. विरोधक कोण, तो कशासाठी लिहितो आणि समोर कोण बसलंय असं धरून लिहितो, यावर त्या साक्षीचं मोल ठरतं. एकाच विरोधकाच्या एकाच प्रकरणातल्या दोन ओळींचं मोलसुद्धा वेगळं असू शकतं. काकांचा श्लोक नेमका तसाच आहे, म्हणून तोच घेऊन बसू.

हा श्लोक आपल्याला मिळतो तो माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'तून. ग्रंथ 14व्या शतकातला, विजयनगरच्या परिसरातला. त्यातलं पहिलंच प्रकरण चार्वाकाचं. पुण्यात वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी त्यावर संस्कृत टीका लिहिली आणि ती भांडारकर संस्थेनं 1924 साली छापली. माझ्या पिढीनं हा ग्रंथ त्याच आवृत्तीत वाचला. प्रकरणाच्या शेवटी माधवाचार्य "हे सगळं बृहस्पतीनंही सांगितलंय" असं म्हणून श्लोकांची एक माळ देतात; बृहस्पती म्हणजे परंपरेनं चार्वाकमताचा प्रवर्तक मानलेला आचार्य. तिच्यात ही ओळ येते:

यावज्जीवेत्सुखं जीवेदृणं कृत्वा घृतं पिबेत् ।
भस्मीभूतस्य देहस्य पुनरागमनं कुतः ॥

आता त्याच प्रकरणाची सुरुवात काढा. तिथं हाच श्लोक आहे, पण असा:

यावज्जीवं सुखं जीवेन्नास्ति मृत्योरगोचरः ।
भस्मीभूतस्य देहस्य पुनरागमनं कुतः ॥

जगावं तोवर सुखानं जगावं, मृत्यूच्या आवाक्याबाहेर काहीच नाही; देहाची राख झाल्यावर परत येणं कुठलं? इथं कर्ज नाही आणि तूपही नाही. शिवाय माधवाचार्य इथं याला बृहस्पतीचं वचन म्हणत नाहीत, 'लोकगाथा' म्हणतात. म्हणजे लोकांच्या तोंडी फिरणारं पद्य. एकाच लेखकानं एकाच प्रकरणात एक श्लोक दोन रूपांत दिला आणि दोनदा वेगवेगळ्या मालकाच्या नावावर चढवला. मी स्वतः शिकवायला लागल्यावर कितीतरी वर्षं कर्ज-तुपाचं रूपच फळ्यावर लिहीत होते. प्रकरण सलग वाचायच्या ऐवजी मी शेवटची माळ तेवढी वाचत होते, म्हणून सुरुवातीचं रूप नजरेतून सुटलं.

मग जुनं रूप कोणतं? त्यासाठी माधवाचार्यांच्या आधीची अवतरणं पाहावी लागतात. काश्मीरचा नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचा पंडित, जयंतभट्ट 9व्या शतकातला, म्हणजे माधवाचार्यांच्या साधारण पाचशे वर्षं आधीचा. त्याच्या 'न्यायमंजरी'त हा श्लोक 'नास्ति मृत्योरगोचरः' असाच आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातही तसाच. कोलकात्याचे अभ्यासक रामकृष्ण भट्टाचार्य यांनी ही अवतरणं एकत्र मांडून दाखवलं की कर्ज आणि तूप आधीच्या कुठल्याच साक्षीत नाही, ते माधवाचार्यांच्याच ग्रंथात दिसतं. हा पाठ माधवाचार्यांनी घडवला की त्यांच्या काळी लोकांत थट्टेनं म्हटला जायचा, हे त्यावरून ठरत नाही. तो मूळचा नव्हे, इतकं मात्र ठरतं.

पाठ बदलल्याची खूण श्लोकाच्या पोटातही आहे. जुन्या रूपात दोन्ही ओळी मृत्यूबद्दल बोलतात, पहिलीत कारण आणि दुसरीत त्याचा पुढचा भाग. नव्या रूपात पहिल्या ओळीत अचानक कर्ज येतं, आणि दुसऱ्या ओळीचा रोख "परत यायचंच नाही, मग फेडायचं कशाला" असा होतो. हा विनोद कुणाला सुचेल? ज्याला मनातून वाटतं की बुडवलेलं कर्ज पुढच्या जन्मी फेडावं लागतं, त्याला. पुढचा जन्मच न मानणाऱ्याच्या दारात सावकार याच जन्मी उभा राहणार. आणि त्याच प्रकरणात चार्वाकाचं म्हणून दिलेलं मत आहे की जगात सर्वांना ठाऊक असलेला राजा हाच परमेश्वर, काटा टोचल्यानं वगैरे होणारं दुःख हाच नरक. ज्याचा नरक आणि दंडाधिकारी दोन्ही इथंच आहेत, त्यानं ऋण काढून सण करायला सांगावं, हे त्याच्याच बाकीच्या मतांशी जुळत नाही.

जयंतभट्टाची साक्ष इथं फार मोलाची आहे, कारण तो चार्वाकाचा कट्टर विरोधक. तो म्हणतो, लोकायतात, म्हणजे चार्वाकांच्याच दर्शनात, 'हे करा' असा कसलाच उपदेश नाही, ती नुसती वितंडा आहे, म्हणजे स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची खोडणं. मग तोच शंका घेतो की 'सुखानं जगावं' हा उपदेश नाही का? आणि स्वतःच उत्तर देतो: नाही, सुखाकडे ओढ स्वभावतःच असते, ते शिकवण्यात काही अर्थ नाही. म्हणजे ज्या श्लोकावरून काका चार्वाकाचं नीतिशास्त्र ठरवताहेत, त्याला 9व्या शतकातला विरोधक उपदेशच मानत नव्हता.

यातून मी विद्यार्थ्यांना जी पद्धत शिकवते ती अशी. नाटक, पुराण, महाकाव्य यांतला चार्वाक बाजूला ठेवायचा. 11व्या शतकातल्या 'प्रबोधचंद्रोदय' नाटकात चार्वाक महामोहाचा साथीदार म्हणून रंगमंचावर येतो. तिथं प्रेक्षकांनी त्याला हसावं हाच हेतू आहे. महाभारताच्या शांतिपर्वात चार्वाक नावाचा राक्षस दुर्योधनाचा मित्र म्हणून येतो, ज्ञातिवधाबद्दल युधिष्ठिराची निर्भर्त्सना करतो आणि ब्राह्मणांच्या हुंकारानं मरतो. त्या प्रसंगात पंचमहाभूतं, प्रत्यक्ष, परलोक यांतलं एकही मत त्याच्या तोंडी नाही. नाव आहे, दर्शन नाही.

शास्त्रग्रंथातला पूर्वपक्ष, म्हणजे खोडण्याआधी मांडलेलं प्रतिपक्षाचं मत, ही वेगळी गोष्ट. वादसभेच्या परंपरेत समोरच्याचं मत चुकीचं मांडलं तर "हे आमचं मतच नव्हे" म्हणून तो मोकळा होतो. म्हणून जिथं लेखकाला प्रतिपक्षाचा एखादा नेमका बचाव खोडायचा असतो, तिथं तो नाव घेऊन, शब्द राखून उतरवतो. माझ्या अनुभवात सगळ्यात भरवशाचं अवतरण कोणतं असेल, तर जे उतरवून घेणाऱ्याची अडचण वाढवतं ते.

याचं चोख उदाहरण म्हणजे अनुमानाचा प्रश्न. पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं की चार्वाक फक्त प्रत्यक्ष मानतो, अनुमान मानत नाही. मग खंडन अगदी सोपं होतं: वाचस्पतिमिश्र विचारतो की समोरच्या माणसाला शंका आहे की त्याचा गैरसमज झालाय हे चार्वाकाला कळतं कसं? दुसऱ्याच्या मनातलं काही डोळ्यांनी दिसत नाही. बोलण्यावरून ओळखावं लागतं, म्हणजे अनुमान आलंच. धूर पाहून विस्तव ओळखला नाही तर घरातली चूलसुद्धा चालणार नाही. इतका उघड घोटाळा एखाद्या परंपरेला शेकडो वर्षं लक्षात आला नसेल का, असा प्रश्न इथं पडायला हवा.

आला होता. 8व्या शतकातला बौद्ध आचार्य कमलशील हा शांतरक्षिताच्या 'तत्त्वसंग्रहा'वर पंजिका लिहितो. 1926 साली बडोद्याला हा ग्रंथ छापून आला तेव्हा त्यात पुरंदर नावाच्या चार्वाकाचं एक वाक्य मिळालं. ते मी मराठीत सांगते: लोकांत प्रसिद्ध असलेलं अनुमान चार्वाकांनाही मान्यच आहे, पण लौकिक मार्ग ओलांडून जे अनुमान काही जण सांगतात, त्याचा निषेध आहे. कमलशील हे देतो कारण त्याला हाच बचाव खोडायचा आहे. त्याला चार्वाकाचं बुजगावणं करायचं असतं तर हे वाक्य गाळणं सोयीचं होतं.

यातला मुद्दा नीट पाहू. डोंगरावर धूर दिसला, विस्तव आहे असं म्हटलं. शंका आली तर चढून पाहता येतं. धूर आणि विस्तव यांची सांगड आपण स्वयंपाकघरात, शेकोटीपाशी, वीटभट्टीवर पुन्हा पुन्हा पाहिलेली असते. आता 'यज्ञ केला म्हणून स्वर्ग मिळतो' हे घ्या. यज्ञ दिसतो, स्वर्ग दिसत नाही, आणि या दोघांची सांगड एकदाही कुणी पाहिलेली नाही. सांगडच पाहिलेली नसेल तर अनुमानाला पाय कुठून येणार? पुरंदराची रेषा इथं आहे. ती अनुमान आणि प्रत्यक्ष यांच्या मध्ये नाही, तपासता येणारं आणि न येणारं यांच्या मध्ये आहे. तुमच्या घरच्या श्राद्धाच्या वादात चार्वाक आणायचा असेल तर तूप आणि कर्जापेक्षा हा आणा. माधवाचार्यांच्या त्याच माळेत श्राद्धावरचा श्लोकही आहे, आणि त्याचा रोख असाच आहे: मेलेल्यांची तृप्ती श्राद्धानं होत असेल, तर विझलेल्या दिव्याची ज्योतही तेल घातल्यानं वाढायला हवी.

चार्वाकांत आपसांतही मतभेद होते, हे कमलशीलाच्याच ग्रंथातून कळतं. त्यांचं एक सूत्र होतं, 'तेभ्यश्चैतन्यम्', म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायू यांच्यापासून चैतन्य. सूत्रात क्रियापद नाही. काही टीकाकार तिथं 'उत्पन्न होतं' असं घालत, काही 'अभिव्यक्त होतं' असं. फरक बारीक वाटेल, पण पहिल्यात चैतन्य नव्यानं तयार होतं आणि दुसऱ्यात ते आधीपासून कुठंतरी दडलेलं आहे असं म्हणायला वाव राहतो. बुजगावण्याला असे टीकाकार नसतात, क्रियापदावरून भांडणारे तर नाहीच. पतंजलीच्या महाभाष्यात व्याकरणाच्या उदाहरणासाठी लोकायताच्या भागुरी नावाच्या टीकेचा उल्लेख येतो. तिथं वाद नाही, निंदा नाही, विषय फक्त शब्दाच्या रूपाचा आहे. अशी जाता जाता दिलेली साक्ष मला नेहमी जास्त विश्वासाची वाटते.

पद्धत दोन्ही बाजूंनी लावायची, हेही सांगते, कारण चार्वाकावर प्रेम करणारे वाचक इथं चुकतात. 'सर्वदर्शनसंग्रहा'त एक सुंदर जागा आहे. सुखात दुःख मिसळलेलं असतं म्हणून सुख टाकू नये, हे सांगताना म्हटलंय की हरणं आहेत म्हणून भात पेरायचा कुणी थांबत नाही, आणि भिकारी आहेत म्हणून चुलीवर भांडं ठेवायचं थांबत नाही. चार्वाकाचं अस्सल वचन म्हणून हे वारंवार दिलं जातं. पण हा दृष्टान्त महाभाष्यात आधीच आहे, तिथं भाताऐवजी जव आहेत. म्हणजे ती संस्कृत पंडितांची जुनी म्हण आहे. माधवाचार्यांनी ती चार्वाकाच्या तोंडी घातली असेल किंवा एखाद्या चार्वाकानं वापरली असेल. तिच्यावरून काही ठरवता येत नाही, मग ती आपल्याला कितीही आवडो.

जुन्या काळाकडे जाल तसं हे आणखी सैल होतं. पाली त्रिपिटकातल्या 'सामञ्ञफलसुत्ता'त मगधाचा राजा अजातशत्रू सहा आचार्यांची मतं बुद्धाला सांगतो. त्यांत अजित केशकंबली म्हणतो, माणूस चार महाभूतांचा, मेल्यावर पृथ्वी पृथ्वीत जाते, पाणी पाण्यात, आणि मूर्ख काय नि शहाणा काय, देहाबरोबर संपतो. तिथंच संजय बेलट्ठिपुत्त आहे. परलोक आहे का विचारलं तर तो आहे म्हणत नाही, नाही म्हणत नाही, दोन्ही आहे किंवा दोन्ही नाही असंही म्हणत नाही. बौद्धांनी अशा बोलण्याला हातातून निसटणाऱ्या माशाची उपमा दिली. या सुत्ताच्या इतर भाषांतल्या पाठांत कोणतं मत कोणत्या आचार्याचं याची अदलाबदल दिसते. म्हणून "अजित असं म्हणाला" असं छातीठोक म्हणू नये. "बुद्धाच्या काळी असं म्हणणारे होते" इतकं म्हणता येतं, आणि ते पुष्कळ आहे.

अजित आणि संजय यांच्यातला फरक मात्र सोडू नका. एक नाकारतो, दुसरा निकालच देत नाही. जडवाद आणि संशयवाद या दोन वाटा आहेत, आणि आपल्याकडे दोघांनाही नास्तिक म्हणून एकाच गोणीत भरतात. त्या वाटा कुठं भेटल्या हे पाहायचं तर जयराशिभट्टाकडे यावं लागतं. तुमच्या प्रश्नातल्या "मूळ ग्रंथ उरलेला नाही" या वाक्यालाही तोच थोडा धक्का देतो. 1926 साली गुजरातेत पाटणच्या जैन भांडारात 'तत्त्वोपप्लवसिंह' या ग्रंथाची ताडपत्रावरची पोथी मिळाली. पंडित सुखलालजी आणि रसिकलाल पारीख यांनी ती संपादून 1940 साली बडोद्याहून छापली. ग्रंथ साधारण इ.स. 800च्या आसपासचा. नास्तिकाचं हे पुस्तक जैनांनी सांभाळलं.

जयराशीचं काम कसं चालतं त्याचा एक नमुना. नैयायिक म्हणतात, प्रत्यक्ष ज्ञान अव्यभिचारी असतं, म्हणजे चुकत नाही. जयराशी विचारतो, ते चुकलेलं नाही हे कशावरून? समजा लांब पाणी दिसलं. डोळ्यात दोष नाही म्हणून ते खरं, असं म्हणाल तर डोळ्याची निर्दोषता डोळ्याला दिसत नाही. आणि ज्ञान खरं आहे त्यावरून डोळा चांगला ठरवलात तर फेरा पूर्ण झाला. नंतर कुणी ते खोटं पाडलं नाही म्हणून खरं, असं म्हणाल तर माणूस अर्ध्या वाटेतून परत फिरला तरी ते खोटं पडत नाही, आणि तेवढ्यानं मृगजळाचं पाणी होत नाही. गेलो आणि पाणी मिळालं म्हणून खरं, असं म्हणाल तर 'मिळालं' हेही एक ज्ञानच आहे, ते चुकलं नाही हे कशावरून? अशा रीतीनं तो नैयायिक, मीमांसक, बौद्ध, सगळ्यांची प्रमाणं, म्हणजे ज्ञानाची साधनं, एकेक करून उलगडतो.

मग अडचण येते ती त्याच्या स्वतःच्या घराची. बृहस्पतीनं तर पृथ्वी, आप, तेज, वायू ही तत्त्वं म्हणून सांगितली, मग सगळीच तत्त्वं कशी कोसळतील? जयराशी उत्तर देतो की ती लोकांत काय प्रसिद्ध आहे त्याचं प्रतिबिंब दाखवण्यासाठी सांगितली. पृथ्वीसारखी सर्वांना ठाऊक असलेली तत्त्वंही विचाराला बसल्यावर टिकत नाहीत, तिथं बाकीच्यांची काय कथा? म्हणून त्याला चार्वाक म्हणावं की नाही यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. माझं मत सांगायचं तर तो स्वतःला बृहस्पतीच्या परंपरेतला समजत होता, हे त्याच्या लिहिण्यावरून स्पष्ट दिसतं; पण त्याच्यावरून पुरंदराचं मत ठरवणं म्हणजे एका भावाच्या सहीनं दुसऱ्याची जमीन विकण्यासारखं आहे. पुरंदर लौकिक अनुमान राखतो, जयराशी तेही राखत नाही. ग्रंथाच्या शेवटी तो म्हणतो की तत्त्वं अशी उधळली गेली तरी सगळे व्यवहार चालूच राहतात, 'अविचारितरमणीय', म्हणजे खोलात न शिरता गोड वाटणारे.

सारांशानं इतकं म्हणते. परलोक, स्वर्ग, यज्ञाचं फळ यांबद्दलचं त्यांचं मत वेगवेगळ्या आणि एकमेकांशी भांडणाऱ्या साक्षीदारांकडून जुळतं, ते पक्कं धरा. अनुमानाबद्दल पुरंदराचं वाक्य पक्कं धरा. त्यांनी कसं जगावं म्हणून सांगितलं, याबद्दलची माहिती सर्वांत कच्ची आहे, आणि नेमकी तीच लोकांना तोंडपाठ आहे.

वाचायचं म्हणाल तर संस्कृत फारसं येत नसलं तरी 'सर्वदर्शनसंग्रहा'च्या पहिल्या प्रकरणापासूनच घ्या, भाषांतर शेजारी ठेवून. पानं थोडी आहेत, एका सुट्टीच्या दिवशी होतील. पेन्सिल हातात ठेवा आणि प्रत्येक वाक्यापाशी समासात लिहा की माधवाचार्य हे कुणाचं म्हणून देताहेत: लोकांचं, बृहस्पतीचं, की स्वतःच्या मांडणीचा भाग. 'यावज्जीवं' पहिल्यांदा येईल तिथं खूण करा, शेवटच्या माळेत पुन्हा येईल तिथंही करा, आणि ती दोन पानं काकांसमोर शेजारी शेजारी ठेवा. त्यानंतर कमलशीलाचा पुरंदर. जयराशी मात्र घाईनं घेऊ नका. न्यायाची प्रत्यक्षाची व्याख्या आधी नीट कळलेली असल्याशिवाय तो काय मोडतोय हे दिसत नाही, आणि त्यासाठी कुणाजवळ तरी बसून एखादं वर्ष न्याय शिकणं बरं.